सेवेची रजा: कुणाला मिळते, कोण देतं आणि हिशेब कसा लिहायचा

मे महिना उजाडला की देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये पावती पुस्तकं बाहेर निघतात. वस्तीत अभ्यासिका चालवणारी, मुलांच्या फीपुरती वर्गणी गोळा करणारी एखादी संस्था डोळ्यांसमोर आणावी. तिच्याकडे 80 जी ची मान्यता असेल, तर वर्षभरातल्या देणग्यांचं विवरणपत्र तिला 31 मेपर्यंत आयकर विभागाच्या पोर्टलवर भरावं लागतं. ते म्हणजे आर्थिक वर्ष 2024-25 च्या देणग्यांसाठीचा फॉर्म 10 बीडी. तो भरल्यावरच देणगीदारांसाठी 10 बीई नावाचं प्रमाणपत्र तयार होतं आणि त्याच्या आधारे जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला करसवलत मागता येते. तारीख चुकली तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क लागतं. संस्थेत पूर्णवेळ हिशेबनीस नसतो. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारी ताईच पावत्याही फाडते.

याच शहरात कितीतरी कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांत हे काम हातखंडा असलेली माणसं बसलेली असतात. त्यांतल्या एकीला पगार न कापता चार अर्धे दिवस या संस्थेत जाता आलं, तर संस्थेची अडचण सुटते. अशा दिवसांसाठी काही कंपन्यांनी आपल्या रजेच्या नियमांत एक वेगळा रकाना उघडला आहे. कुठे त्याला ‘व्हॉलंटिअरिंग लीव्ह’ म्हणतात, कुठे स्वयंसेवा रजा.

ही रजा कायद्याने मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या कामगाराला वर्षाला 8 दिवसांची किरकोळ रजा आणि 8 भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. वर्षात 240 दिवस काम केलं असेल, तर दर 20 दिवसांमागे एक दिवस अर्जित रजाही मिळते. समाजकार्याच्या रजेचा त्यात उल्लेख नाही. म्हणून ती सर्वस्वी कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते आणि त्या धोरणात जे लिहिलेलं नाही ते मागता येत नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने जाहीरनाम्यात मोठ्या कंपन्यांतल्या आणि सरकारी नोकरांना वर्षाला 3 दिवस अशी पगारी रजा देण्याचं वचन दिलं होतं. पक्ष निवडून आला, पण तसा कायदा झाला नाही.

सरकारी नोकरीत मात्र या कल्पनेचं एक रूप आपल्या ओळखीचं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते. ती वर्षातून जास्तीत जास्त 4 वेळा घेता येते, रक्तदान परवानाधारक रक्तपेढीत कामाच्या दिवशी करावं लागतं आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो. नियम छोटा आहे, पण कुणाला, कुठे, किती वेळा आणि कशाच्या आधारावर, ही चारही उत्तरं त्यात आहेत. खासगी कंपन्यांची धोरणं फसतात तेव्हा बहुधा यांतलंच एखादं उत्तर त्यांनी दिलेलं नसतं.

कुणाला मिळते

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला नियम या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तिथे पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला 24 तासांची सेवा रजा मिळते. शाळेतल्या मुलाला नियमित शिकवण्याचं किंवा मार्गदर्शनाचं काम कुणी पत्करलं, तर त्याला 24 तासांऐवजी आठवड्याला एक तास, असे वर्षाला 36 तास घेता येतात. वर्ष संपलं की उरलेली रजा बुडते. पुढच्या वर्षात ती जमा होत नाही आणि नोकरी सोडताना तिचे पैसेही मिळत नाहीत.

या नियमाच्या दोन गोष्टी इकडच्या कुठल्याही धोरणात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे रजा दिवसांत न मोजता तासांत मोजणं. सेल्सफोर्स ही संगणकक्षेत्रातली कंपनीही वर्षाचे 7 दिवस देताना ते 56 तास म्हणून मोजते. मुलाला शिकवायचं तर आठवड्याला तास-दीड तास लागतो. पूर्ण दिवसच घ्यावा लागणार असेल, तर माणूस वर्षातून दोनदा जाईल आणि मुलाला त्याचं नावही आठवणार नाही. दुसरी गोष्ट साठवणुकीची. या रजेचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच ती अर्जित रजेपासून वेगळी ठेवता येते आणि कंपनीच्या ताळेबंदावर तिचा बोजा साठत नाही.

खासगी धोरणांत पात्रतेची ओळ बहुतेक वेळा ‘कायम कर्मचारी’ या शब्दांवर थांबते. प्रोबेशनवर असलेल्याला रजा आहे का, अर्धवेळ असलेल्याला ती तासांच्या प्रमाणात मिळते का, नोटीस पीरियडमध्ये ती घेता येते का, याची उत्तरं लिहिलेली नसली की ती प्रत्येक साहेबाच्या मर्जीवर जातात. सर्वांत अवघड प्रश्न कंत्राटी कामगारांचा आहे. त्यांचा पगार ठेकेदार देतो, त्यामुळे मूळ कंपनीची रजा त्यांना आपोआप लागू होत नाही. कंपनीच्या श्रमदानाच्या दिवशी खोदायला मात्र त्यांनाही बसमध्ये घेतलं जातं. त्या दिवसाची हजेरी आणि मजुरी कोण देणार, हे ठेकेदाराशी आधी लेखी ठरलेलं नसेल, तर साहेबांची ती पगारी सेवा असते आणि कंत्राटी पोराचा बुडालेला रोज. धोरण लिहिणाऱ्यांनी ही ओळ सोडता कामा नये.

पात्रता संस्थेलाही लागते. नोंदणी प्रमाणपत्र, 12 ए आणि 80 जी यांचे क्रमांक आणि ‘आम्हाला हे काम हवं आहे’ असं संस्थेचं पत्र, एवढी कागदपत्रं बहुतेक ठिकाणी पुरतात. राजकीय पक्षाचं काम आणि धर्मप्रचार वगळलेले असतात. देवस्थानाने चालवलेल्या दवाखान्यात केसपेपर लिहून देणं चालतं, उत्सवाची वर्गणी गोळा करणं चालत नाही, अशी रेघ उदाहरणासकट लिहिलेली बरी. स्वतःच्या नातेवाइकाची संस्था असेल किंवा कर्मचारी स्वतःच तिथला विश्वस्त असेल, तर ते अर्जातच सांगायचं असतं.

मंजुरी कुणाची, आणि केव्हा

आता अभ्यासिकेच्या उदाहरणाकडे वळू. समजा, पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं धोरण वर्षाला 16 तास देतं आणि अर्धा दिवस म्हणजे 4 तास धरतं. अकाउंट्समधल्या कर्मचारीने संस्थेला फोन केला. संस्थेने सांगितलं, “मे संपायच्या आत 10 बीडी भरून द्या.” तिने मेच्या शेवटच्या आठवड्यातले चार अर्धे दिवस मागितले. वरिष्ठांनी अर्ज परत पाठवला.

त्यांचं चुकलं नव्हतं. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचं टीडीएसचं विवरणपत्रही 31 मेलाच भरायचं असतं. कंपनीची आणि संस्थेची घाई एकाच तारखेला येते. शिवाय दर महिन्याला 11 तारखेला आणि 20 तारखेला जीएसटीची दोन विवरणपत्रं असतात, आणि मार्चमध्ये कापलेला टीडीएस 30 एप्रिलच्या आत भरावा लागतो. अकाउंट्सच्या माणसाला मोकळे दिवस मिळतात ते या तारखांच्या फटीत.

दोघांनी कॅलेंडर पुढे ठेवलं तेव्हा उत्तर निघालं: 22 आणि 24 एप्रिल, मग 13 आणि 15 मे 2025. आर्थिक वर्ष 31 मार्चलाच संपलेलं असल्याने पावत्या एप्रिलमध्येही तयारच होत्या. संस्थेने शेवटची तारीख सांगितली आणि तीच तारीख कामाची म्हणून अर्जात उतरली, एवढंच झालं होतं. म्हणून अर्जात दोन तारखा वेगळ्या लिहाव्यात. काम कधीपर्यंत पुरं व्हायला हवं ही एक, आणि ते कोणकोणत्या दिवशी करता येईल ही दुसरी. किमान 10 कामकाजी दिवस आधी अर्ज असा नियम ठेवला, तर या चर्चेला वेळ मिळतो. वरिष्ठांनी 3 दिवसांत उत्तर द्यावं आणि नकार देताना पर्यायी तारीख सुचवावी, असंही त्याच कलमात हवं. नॉर्थ कॅरोलिनाच्या नियमातही कामाच्या गरजेनुसार वेगळी वेळ सुचवण्याचा अधिकार वरिष्ठांना आहे आणि सेवा केल्याचा पुरावाही मागता येतो.

मंजुरीची साखळी लांब नसावी. वेळ सोडता येते का, हे थेट वरिष्ठ ठरवतात. संस्था धोरणात बसते का, हे मनुष्यबळ विभाग किंवा सामाजिक दायित्वाचं काम पाहणारा माणूस तपासतो. एकदा तपासलेली संस्था वर्षभर यादीत राहते, म्हणजे पुढच्या अर्जाला फक्त वरिष्ठांची संमती लागते. रजेच्या प्रणालीत या रजेला स्वतंत्र कोड हवा. तो नसला की माणसं किरकोळ रजा टाकून जातात आणि वर्षअखेरीला धोरण कुणी वापरलंच नाही असं दिसतं.

कंपनीने स्वतः आखलेला दिवस आणि कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेलं काम यांतला फरकही मंजुरीतच नोंदवावा लागतो. कंपनीच्या बसने, कंपनीच्या सांगण्यावरून सगळे गेले असतील, तर अपघात किंवा छळाच्या तक्रारीत कंपनीला हात झटकता येत नाहीत. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, 2013 मध्ये नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही ‘कामाचं ठिकाण’ धरली आहे. एकट्याने निवडलेल्या कामात गट अपघात विमा लागू होतो का, हे विमा कंपनीला आधी विचारून त्याचं उत्तर धोरणात लिहून ठेवावं. संस्था लहान मुलांसोबत काम करत असेल, तर मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही आणि चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, या दोन अटी मंजुरीच्या पत्रावरच असाव्यात.

हिशेब: तास, काम आणि बदल

रजेवरून परतल्यावर जे लिहायचं असतं, तिथे सगळ्यात जास्त गफलत होते. ‘30 कर्मचारी, 120 तास, 500 लाभार्थी’ असा मजकूर आणि टोप्या घातलेला सामूहिक फोटो, एवढ्यालाच अहवाल म्हटलं जातं. या तीन आकड्यांपैकी पहिले दोन कंपनीने काय दिलं ते सांगतात. तिसरा कुठून आला, हे सहसा कुणाला सांगता येत नाही. शाळेची भिंत रंगवली आणि शाळेचा पट 500 असला, की लाभार्थी 500 होतात.

श्रमदानाचं उदाहरण महाराष्ट्राला समजावून सांगावं लागत नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 1 मे 2018 च्या महाश्रमदानाला शहरांतून ‘जलमित्र’ गावोगावी गेले होते. त्या स्पर्धेत गावांचं काम घनमीटरमध्ये मोजलं जाई. ही मोजणी कंपनीच्या श्रमदानालाही लावता येते. समजा, 30 जणांनी 4 तास खपून 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा समतल चर 100 मीटर लांब खोदला. घनफळ भरतं 18 घनमीटर, म्हणजे चर एकदा पूर्ण भरला की 18,000 लिटर पाणी अडतं.

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 120 तास हा दिलेला वेळ. 18 घनमीटर हे झालेलं काम. पावसाळ्यानंतर खालच्या विहिरीची पातळी वाढली का, हा बदल. तो नोव्हेंबरमध्ये विहिरीत टेप सोडल्याशिवाय कळत नाही, आणि कळला तरी त्यात त्या वर्षीच्या पावसाचा आणि गावकऱ्यांनी आधी खोदलेल्या चरांचा वाटा असतो. म्हणून ‘आम्ही गावाचा पाणीप्रश्न सोडवला’ असं लिहिता येत नाही. ‘गावाने आखलेल्या कामापैकी 100 मीटर चर आम्ही खोदला’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

आणखी एक हिशेब कंपनीने स्वतःशी प्रामाणिकपणे मांडायला हवा. या 30 जणांचा एक दिवसाचा पगार, बस आणि नाश्ता मिळून जी रक्कम होते, तिच्यात गावातल्या मजुरांकडून याच्या कितीतरी पट खोदकाम झालं असतं आणि त्यांना रोजगारही मिळाला असता. श्रमदानाच्या दिवसाला अर्थ आहे तो शहरातल्या माणसाला गाव कळण्यात आणि पुढे टिकणाऱ्या नात्यात. म्हणून तो अहवालात त्याच शब्दांत लिहावा आणि नातं टिकलं का, हे पुढच्या वर्षी तपासावं. अभ्यासिकेचं काम याहून वेगळं आहे, कारण तिथे दिलेलं कौशल्य संस्थेला बाजारात विकत घ्यावं लागलं असतं किंवा मिळालंच नसतं.

त्या कामाचा अहवाल पाच प्रश्नांत बसतो. संस्थेने काय मागितलं होतं? किती तास गेले? काय पुरं झालं आणि काय राहिलं? त्याने काय बदललं आणि ते कुणी पडताळलं? आणि संस्थेला आपल्यासाठी किती वेळ व पैसा खर्च करावा लागला? शेवटचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाहुणे येणार म्हणून संस्थेतल्या दोघांनी अर्धा दिवस आवराआवर केली, चहा-नाश्ता मागवला आणि अभ्यासिका बंद ठेवली, तर तो खर्च मदतीतून वजा होतो.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी येतील. मागणी: 2024-25 च्या देणग्यांचं 10 बीडी विवरणपत्र. वेळ: रजेचे 16 तास, शिवाय एका रविवारी घरून फोन करण्यात गेलेले 2 तास. हे दोन वेगळे लिहायचे, कारण रविवार कंपनीने दिलेला नाही. प्रवासाचा वेळ तिसऱ्या रकान्यात. पहिल्या दिवशी पावती पुस्तकं आणि बँकेचं पासबुक जुळवलं, तेव्हा 140 देणगीदार आणि 212 पावत्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी पॅन नसलेल्यांची यादी करून फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, ती रोख आली की बँकेतून आणि रक्कम, असा तक्ता भरला. चौथ्या दिवशी संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याने स्वतः पडताळणी करून विवरणपत्र दाखल केलं. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. सही आणि जबाबदारी संस्थेची असते, स्वयंसेवकाने आपल्या लॉगिनने काही भरायचं नसतं.

काय झालं: 133 देणगीदारांची प्रमाणपत्रं 15 मेला, म्हणजे मुदतीच्या 16 दिवस आधी, तयार झाली. काय राहिलं: 7 जणांचा ओळख क्रमांक मिळाला नाही. तो मिळाल्यावर दुरुस्त विवरणपत्र भरता येतं, पण ते संस्थेला करावं लागेल. हे सात लपवून ‘काम पूर्ण’ लिहिलं असतं, तर जूनमध्ये त्या देणगीदारांचे फोन आले असते आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. देणगीदारांचे पॅन असलेला तक्ता कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा फोनमध्ये ठेवला नाही, हेही अहवालात एका ओळीत नोंदवायचं. तो डेटा संस्थेचा आहे.

बदल मोजायला तीन महिने थांबावं लागतं. संस्थेच्या ताईला सप्टेंबरमध्ये दोनच प्रश्न विचारायचे. पावती फाडताना आता पॅन घेतला जातो का? आणि पुढचा तक्ता तुम्हाला स्वतः भरता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर काम झालं पण संस्था होती तिथेच राहिली, आणि पुढच्या वर्षीचे 16 तास फॉर्म भरण्यात न घालवता शिकवण्यात घालवायला हवेत, असं कंपनीला कळतं.

दोन टक्क्यांत हे तास बसत नाहीत

कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. स्वयंसेवेच्या तासांना पगाराच्या दराने गुणून ती रक्कम या दोन टक्क्यांत दाखवण्याचा मोह होतो. तसं करता येत नाही. कर्मचाऱ्यांना अशा कामात सहभागी करून घ्यावं, पण त्यांच्या विनामूल्य सेवेची पैशात केलेली किंमत या खर्चात धरली जाणार नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2016 च्या परिपत्रकात सांगितलं होतं. म्हणून तासांचा आकडा वार्षिक अहवालात जरूर छापावा, पण त्याच्या शेजारी रुपयांचा रकाना नको.

धोरण कागदावरच राहिलं आहे का, हे वर्षअखेरीच्या रजेच्या नोंदींतून ओळखता येतं. सगळी रजा मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात घेतलेली असेल, तर लोकांना शिल्लक संपवण्याची घाई होती. सगळे अर्ज मुख्य कार्यालयातून आणि कारखान्याच्या पाळ्यांतून एकही नाही, तर पाळी बदलून द्यायची व्यवस्था झालेली नाही. एकाच विभागाचे नकार जास्त असतील, तर तिथल्या वरिष्ठांशी बोलावं लागेल. बहुधा त्यांच्याकडे माणसंच कमी असतात आणि रजेमुळे अडलेलं काम उचलायला कुणी नसतं. अहवाल रजेच्या त्याच संध्याकाळी फोटोसकट आलेले असतील आणि तीन महिन्यांनंतरचा रकाना सगळीकडे रिकामा असेल, तर कंपनीने दिवस मोजले आहेत, काम मोजलेलं नाही.

अभ्यासिकेच्या अहवालात तो रकाना भरण्याची जबाबदारी कर्मचारी आणि संस्थेची ताई या दोघींवर सोपवलेली असते आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास रजेच्या तासांतच धरायचा, असं धोरणात लिहिलेलं हवं. तिचे सोळाही तास मेमध्येच संपले आहेत. म्हणून पहिल्याच अर्जात साडेपंधरा तास कामासाठी मागून अर्धा तास सप्टेंबरसाठी राखायचा, हा बदल कंपनीने पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या नमुन्यात करायला हवा.